छायाचित्राखालच्या त्या चार ओळी : पाइप कारखाना आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला खुले पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक, पीव्हीसी पाइप उत्पादक कारखाना, जळगाव औद्योगिक वसाहत,
मा. प्राचार्य आणि संस्था व्यवस्थापन समितीचे सदस्य, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जळगाव जिल्हा

सप्रेम नमस्कार.

आपल्या दोघांतील सामंजस्य कराराचे छायाचित्र आणि त्याखालचा मजकूर गेल्या आठवड्यात माझ्या पाहण्यात आला. मजकूर चारच ओळींचा आहे. जोडारी व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षाच्या 20 प्रशिक्षणार्थींना सहा महिने कारखान्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळेल, कारखान्याला कुशल मनुष्यबळ मिळेल आणि ग्रामीण भागातील तरुणांना रोजगाराची संधी उपलब्ध होईल, असे त्यात म्हटले आहे. यातला एकही शब्द खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. मी 31 वर्षे पाइपच्या कारखान्यांत देखभाल विभागात काम केले आणि निवृत्तीनंतर चार वर्षे एका संस्थेत तासिका तत्त्वावर जोडारीचे प्रात्यक्षिक शिकवले. दोन्ही बाजूंची जमीन पायाखाली असल्यामुळे, ‘अनुभव’ आणि ‘कुशल’ हे दोन शब्द करारात नेमके कसे उतरतात यावरच त्या चार ओळी खऱ्या ठरतात हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून हे पत्र.

आधी मागचा एक प्रसंग सांगतो. संस्थेचे आणि कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. मी शिकवत असताना अशाच एका कराराखाली आमची 18 मुले एका पाइप कारखान्यात गेली. पाच महिन्यांनी ती परत आली तेव्हा प्रत्येकाच्या हातात सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र होते. चोपडा तालुक्यातील एक मुलगा पहिल्या वर्षी माझ्या वर्गात कानस कामात सगळ्यांच्या पुढे असायचा. त्याला मी विचारले, ‘‘लाइनवर काय शिकलास?’’ तो म्हणाला, ‘‘सर, आम्ही पाइप उचलले, सॉकेट केलेल्या पाइपचे गठ्ठे बांधले आणि गाड्या भरल्या. मशीनला हात लावू दिला नाही.’’ मी त्याच्यासमोर 63 मिलिमीटरच्या पाइपचा एक तुकडा ठेवला आणि भिंतीची जाडी मोजायला सांगितली. त्याने व्हर्नियर उचलला, त्याचे सपाट जबडे पाइपच्या आतल्या गोलाईवर टेकवले आणि आलेला आकडा वहीत लिहिला. तो आकडा खऱ्या जाडीपेक्षा जास्त होता. आतल्या वक्र पृष्ठभागावर सपाट जबडा कडेच्या दोन रेषांवर टेकतो, मधे फट राहते आणि ती फटही जाडीत मोजली जाते. यासाठी गोल टोकाचा मायक्रोमीटर लागतो. त्या कारखान्यात तो गुणवत्ता विभागाच्या कपाटात कुलपात होता. पाच महिन्यांत तो मुलाच्या हातात एकदाही आला नव्हता.

यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. मुले जानेवारीत गेली होती. खानदेशात पाइपचा धंदा संक्रांतीनंतर जो चढतो तो मृगापर्यंत उतरत नाही. विहिरीचे पाणी खाली जाते, शेतकरी नवी लाइन टाकतो आणि केळीवाले रोपांच्या आधी पाइप मागतात. त्या दिवसांत कारखान्याच्या फाटकाशी ट्रक रांगेने उभे असतात, चारही लाइन रात्रंदिवस चालू असतात आणि सुपरवायझरला फक्त हात हवे असतात. अशा वेळी 18 तरुण मुले समोर आली तर ती गाडी भरायलाच जाणार. दोष वेळापत्रकाचा होता आणि ते वेळापत्रक ज्या करारात होते, त्यात ‘अनुभव’ याखेरीज दुसरा शब्द नव्हता.

आपल्या करारासंबंधी माझी मुख्य विनंती एकच आहे. कराराला एक परिशिष्ट जोडावे आणि त्यात सहा महिन्यांनंतर प्रत्येक प्रशिक्षणार्थीला कोणते एक काम स्वतःच्या हाताने, कोणाच्या मदतीशिवाय करता आले पाहिजे ते लिहावे. मी सुचवतो ते काम आहे डाय सेंटर करणे, म्हणजे पाइपची भिंत सगळीकडून सारख्या जाडीची येईल असा डाय बसवणे. हेच काम का, ते सविस्तर सांगतो, कारण मुलांचा आणि कारखान्याचा फायदा या एका कामात एकत्र येतो.

ज्यांनी लाइन पाहिलेली नाही अशा समिती सदस्यांसाठी थोडक्यात सांगायचे, तर रेझिन, चुनखडीची पावडर, स्टॅबिलायझर आणि वंगण यांचे मिश्रण हॉपरमधून बॅरलमध्ये जाते, तिथे दोन स्क्रूंमध्ये दळले जाऊन आणि तापून वितळते आणि साधारण 180 ते 200 अंश तापमानाला डायमधून बाहेर पडते. डायमध्ये बाहेरची गोल रिंग आणि आतली पिन यांच्यात जी फट असते, तीच पाइपची भिंत होते. पुढे सायझर आणि व्हॅक्यूम टँकमध्ये पाइपचा बाहेरचा व्यास ठरतो आणि थंड पाण्याने तो घट्ट होतो. त्यानंतर हॉल-ऑफ तो ओढतो आणि कटर सहा मीटरला कापतो. बाहेरची रिंग पिनच्या बरोबर मध्यावर नसेल, तर एका बाजूची फट लहान आणि समोरची मोठी राहते. बाहेरून पाइप गोल गरगरीत दिसतो, पण त्याची भिंत एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड असते.

आता हिशेब करून पाहू. समजा 63 मिलिमीटर व्यासाचा पाइप चालू आहे आणि त्याची किमान जाडी 2 मिलिमीटर हवी आहे. भारतीय मानक 4985 प्रमाणे पाइप तपासताना सरासरी बरी आहे एवढ्याने भागत नाही, कोणत्याही बिंदूवर भिंत किमान जाडीपेक्षा पातळ चालत नाही. डाय बाजूला सरकलेला असेल आणि भिंत एकीकडे 2.0 व समोर 2.4 येत असेल, तर पाइप पास होतो, पण त्याची सरासरी जाडी 2.2 होते. मिश्रणाची घनता 1.4 धरली तर हा पाइप मीटरला सुमारे 588 ग्रॅम भरतो. तोच डाय नीट सेंटर केला आणि भिंत 2.0 ते 2.1 च्या आत आणली (यापेक्षा बारीक फरक रोजच्या उत्पादनात धरून ठेवणे अवघड असते, म्हणून मी शून्य फरकाचे स्वप्न दाखवत नाही), तर सरासरी 2.05 होते आणि वजन मीटरला सुमारे 550 ग्रॅम येते. मीटरमागे 38 ग्रॅमचा फरक म्हणजे सहा मीटरच्या एका पाइपमागे सुमारे 230 ग्रॅम. लाइन मिनिटाला पाच मीटर चालत असेल तर तासाला 50 पाइप होतात आणि वीस तासांत हजार. त्या वीस तासांत, एका लाइनवर, सुमारे 230 किलो माल विनाकारण पाइपच्या जाड बाजूला जाऊन बसतो. त्याची किंमत ना शेतकरी देतो ना मानक मागते. रेझिनचा आजचा भाव संचालकसाहेबांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.

याच चुकीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. माल वाचवायचा म्हणून ऑपरेटर कधी कधी फक्त वजनाकडे पाहतो आणि हॉल-ऑफचा वेग वाढवतो. वेग वाढला की पाइप ताणला जातो, भिंत सगळीकडूनच पातळ होते आणि वजन 550 ग्रॅमवर येते. काट्यावर सगळे ठीक दिसते. पण डाय वाकडाच राहिलेला असतो, म्हणून जाड बाजू 2.25 आणि पातळ बाजू 1.85 च्या आसपास येते. असा पाइप रावेर किंवा यावलच्या केळीच्या बागेत जमिनीखाली गाडला जातो, वीज आल्यावर पंप झटक्याने सुरू होतो आणि दाबाचा पहिला तडाखा पातळ बाजूवर बसतो. पाइप लांबीच्या दिशेने चिरतो. फुटलेला तुकडा परत आल्यावर चिरेजवळची आणि समोरची जाडी मोजली की कारण लगेच कळते, पण तोवर शेतकऱ्याचे पाणी आणि कारखान्याचे नाव दोन्ही गेलेले असते. म्हणून मी मुलांना एक गोष्ट पुनःपुन्हा सांगत असे की काटा सरासरी सांगतो आणि मायक्रोमीटर फरक सांगतो. सरासरी बिघडली असेल तर हॉल-ऑफकडे किंवा स्क्रूच्या वेगाकडे जायचे, फरक बिघडला असेल तर डायच्या बोल्टकडे जायचे. ज्याला हे दोन आजार वेगळे ओळखता आले त्याला मी कुशल म्हणेन.

हे काम शिकवायचे कसे, तेही लिहितो. ते पुस्तकात दोन ओळींत संपते आणि लाइनवर दोन महिने घेते.

मुलाने आधी चालू पाइपवर, डायमधून बाहेर पडल्यावर हात पोचेल तिथे, वरच्या बाजूला खूण करायला शिकले पाहिजे. पाइप पुढे जाताना थोडा पिळतो. कटरपाशी वर दिसणारी बाजू डायपाशीही वरच होती असे धरून चालले, तर माणूस चुकीचा बोल्ट फिरवतो. मग कापलेल्या तुकड्याच्या तोंडावर खुणेपासून सुरुवात करून घड्याळाच्या क्रमाने आठ ठिकाणी जाडी मोजायची आणि आठही आकडे एका वर्तुळाच्या चित्राभोवती लिहायचे. नुसत्या रांगेत लिहिलेले आकडे काही सांगत नाहीत, वर्तुळाभोवती लिहिले की पातळ बाजू डोळ्यांना दिसते. त्यानंतर डायवर ज्या बाजूला भिंत पातळ आहे तिकडचा बोल्ट आधी किंचित सैल करायचा आणि समोरचा, जाड बाजूचा बोल्ट तेवढाच आवळायचा. आवळलेला बोल्ट रिंगला आत ढकलतो, जाड बाजूची फट कमी होते आणि पातळ बाजूची वाढते. समोरचा सैल न करता एकच बोल्ट जोर लावून आवळला, तर रिंग हलत नाही, आटे मात्र जातात. बोल्ट एका वेळी पाव फेऱ्याहूनही कमी फिरवायचा.

आणि मग थांबायचे. प्रत्येक नवा मुलगा नेमका इथे चुकतो. डायपासून कटरपर्यंतचे अंतर 15 मीटर असेल आणि वेग मिनिटाला पाच मीटर असेल, तर केलेला बदल कटरवर दिसायला तीन मिनिटे लागतात. बोल्ट फिरवून मुलगा अर्ध्या मिनिटात तुकडा कापतो, आकडा तोच येतो, तो पुन्हा बोल्ट फिरवतो, पुन्हा तेच. तीन मिनिटांनी दोन्ही बदल एकत्र कटरवर येतात आणि डाय विरुद्ध बाजूला वाकडा झालेला असतो. माझ्यासोबत अमळनेरकडचा एक जुना ऑपरेटर होता. तो मुलाचा हात धरून म्हणायचा, ‘‘दम धर ना भाऊ, पाइप कटरलगून येऊ दे.’’ केलेला बदल आणि दिसणारा परिणाम यांच्यामधला तो वेळ मुलाच्या अंगात मुरतो तो लाइनपाशी उभे राहूनच. संस्थेच्या कार्यशाळेत कितीही चांगला लेथ असला तरी तिथे तो शिकवता येत नाही, कारण लेथवर कापले की लगेच दिसते. यासाठीच करार हवा आहे.

यावरून वेळापत्रकाचा प्रश्न पुन्हा येतो. संस्थेचे सत्र ऑगस्टमध्ये सुरू होते आणि पाइपची मागणी पावसाळ्यात उतरते, हा योग जुळून आलेला आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा. दुसऱ्या वर्षाची मुले ऑगस्टमध्येच कारखान्यात पाठवावीत. त्या दिवसांत एक-दोन लाइन बंद ठेवून स्क्रू बाहेर काढतात, बॅरलची आतली झीज मोजतात, गिअरबॉक्स उघडतात आणि डाय पूर्ण सुटा करून साफ करतात. जोडारीच्या मुलाला डायचे आतले भाग हाताळायची संधी वर्षातून तेवढीच एकदा मिळते. ज्याने सुटी पिन आणि रिंग हातात घेतली आहे, त्याला पुढे चालू लाइनवर बोल्ट का फिरवायचा हे समजावून सांगावे लागत नाही. चालू लाइनवरही त्या महिन्यांत घाई नसते. एखाद्या मुलाच्या हातून दहा पाइप वाकडे गेले तर ते दळून पुन्हा मिश्रणात घालता येतात आणि कोणी ओरडत नाही. जानेवारी ते मे या काळात मात्र मुलांना कारखान्यात नव्याने पाठवू नये. ज्यांनी काम शिकून घेतले आहे तेवढ्यांनाच, त्यांची इच्छा असल्यास, ठेवावे.

वीसही मुले एकदम नेऊ नयेत. एका डायपाशी दोन मुले उभी राहू शकतात, तिसऱ्याला फक्त पाठ दिसते. चार लाइन असतील आणि त्यातली एक दुरुस्तीला असेल, तर चालू लाइनवर सहा आणि दुरुस्तीवर चार अशी दहा मुले बसतात. उरलेली दहा त्या महिन्यात संस्थेत राहावीत आणि महिन्याने अदलाबदल करावी. शिल्प निदेशकांनी मुलांच्या आधी किमान दोन आठवडे स्वतः लाइनवर काढावेत अशीही माझी विनंती आहे. आपले निदेशक कामात पक्के असतात, पण ज्यांनी पीव्हीसी जळताना पाहिलेले नाही, त्यांना मुलाच्या वहीतला ‘पाइपवर तपकिरी रेघ’ हा शेरा किती महत्त्वाचा आहे ते कळत नाही.

त्या रेघेविषयीही लिहिले पाहिजे, कारण तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. आपल्याकडे वीज अचानक जाते आणि उन्हाळ्यात तर हमखास जाते. बॅरलमध्ये अडकलेले पीव्हीसी तापलेल्या धातूला चिकटून राहिले की पिवळे पडते, मग तपकिरी होते आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो आणि ओलाव्याशी मिळून स्क्रू व डायचे पोलाद खातो. अनुभवी ऑपरेटर अशा वेळी हीटर बंद करतो, वीज परत येताच आधी जुना माल काढून टाकतो आणि डायच्या तोंडासमोर कोणालाही उभे राहू देत नाही, कारण आत कोंडलेला वायू वितळलेल्या मालासकट जोराने बाहेर येऊ शकतो. म्हणून लाइन सुरू करणे आणि बंद पडलेली लाइन पुन्हा चालवणे ही कामे प्रशिक्षणार्थीने फक्त पाहावीत, करू नयेत, असे परिशिष्टात स्पष्ट लिहावे. दुसरे ठिकाण भंगार दळायच्या ग्राइंडरचे. त्याच्या तोंडाशी एकाही मुलाला उभे करू नये. ‘आज माणूस आला नाही, तू जरा भंगार टाक’ असे कामगार सहज म्हणतो, आणि नवा मुलगा नाही म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने करारानेच नाही म्हटले पाहिजे. ही मुले बहुतेक 17-18 वर्षांची असतात, तेव्हा रात्रपाळीही नको.

आता पैशांविषयी. छायाचित्राखालच्या मजकुरात ‘विद्यावेतनासह प्रशिक्षण’ असा शब्द आला आहे आणि तिथे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत असे मला वाटते. संस्थेचा विद्यार्थी म्हणून कारखान्यात शिकायला येणे हे एक नाते आहे. केंद्र सरकारची दुहेरी प्रशिक्षण पद्धत 2016 पासून याच नात्यावर उभी आहे. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर शिकाऊ उमेदवार म्हणून येणे हे दुसरे नाते. त्याला 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा लागू होतो, त्याचा स्वतंत्र करार नोंदवावा लागतो, आणि 2019 च्या नियमांप्रमाणे आयटीआय प्रमाणपत्रधारकाला महिन्याला किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरले होते, ज्यातला चौथा भाग, कमाल 1,500 रुपये, राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेतून सरकार सोसत होते. त्याच नियमांनी 30 किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. म्हणजे आपल्या कारखान्याला काही शिकाऊ उमेदवार कायद्याने घ्यावेच लागतात. ते बाहेरून अनोळखी घेण्याऐवजी याच वीस मुलांमधून घेतले, तर डायपाशी उभे राहायला शिकलेला मुलगा पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. कारखान्याचा हा फायदा मजकुरात आलेला नाही आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो.

मात्र पालकांना आज जे सांगितले जाईल ते नेमके असावे. पहिल्या सहा महिन्यांत विद्यावेतन आहे की नाही, असेल तर किती आणि ते कोणाच्या खात्यात कधी जमा होईल, हे लिहून द्यावे. नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि निदान जाण्यायेण्याचा खर्च, एक वेळचे जेवण, सुरक्षा बूट आणि अपघात विमा कारखान्याने द्यावा. जाण्यायेण्याचा खर्च ऐकायला किरकोळ वाटतो. पण एसटीचा विद्यार्थी पास गाव ते संस्था असा काढलेला असतो, औद्योगिक वसाहतीपर्यंतचा पुढचा प्रवास मुलगा रोज स्वतःच्या खिशातून करतो. पाळी सकाळी सातला सुरू होत असेल तर जामनेर किंवा एरंडोलच्या आतल्या गावातून तितक्या लवकर पोचणारी गाडीच नसते. माझ्या वेळची तीन मुले याच कारणाने मधेच गळाली आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा पडला. मुलांची वेळ नऊ ते पाच ठेवली, तर कारखान्याचे काही बिघडत नाही.

शिकवणाऱ्याचाही विचार व्हावा. ऑपरेटरला दिवसाला ठरलेले उत्पादन द्यायचे असते. त्याच्या शेजारी दोन मुले उभी केली की पहिले सहा आठवडे त्याचा वेग कमी होणार आणि भंगार वाढणार. कारखान्याने हा खर्च आधीच मनाशी धरावा. ज्या ऑपरेटरकडे मुले दिली आहेत त्याला त्या काळात उत्पादनाच्या आकड्यात सवलत आणि महिन्याला काही भत्ता द्यावा. नाहीतर तो मुलांना पाणी आणायला पाठवेल, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. आपली कला दुसऱ्याला दिली तर आपली जागा जाईल अशी भीतीही त्याच्या मनात असते. ती भीती बोलून दाखवली जात नाही, पण ‘हा बोल्ट कशाला फिरवला?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही तेव्हा ती दिसते. आपल्या वसाहतीत अनेक कुशल ऑपरेटर बाहेरच्या राज्यांतून आलेले आहेत. ते छठला किंवा होळीला गावी गेले की लाइन उभी राहते, हा मालकांचा जुना अनुभव आहे. स्थानिक मुलगा शिकला तर तो खंड भरून निघेल, ऑपरेटरची जागा जाणार नाही, असे व्यवस्थापनाने त्याला समोर बसवून सांगावे.

एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. पाइपची लाइन मुलाला जोडारीचा सगळा अभ्यासक्रम शिकवू शकत नाही. कानस, ड्रिलिंग, लेथ, मापन, वेल्डिंगची तोंडओळख हे संस्थेतच व्हायला हवे. व्यवसाय परीक्षा त्यावरच असते. सहा महिन्यांनी परतलेल्या मुलांचा तो सराव तुटलेला असतो, म्हणून परीक्षेआधीचे किमान तीन महिने त्यांना पूर्णवेळ संस्थेत ठेवावे. त्याचप्रमाणे, शिकल्यानंतर इतकी वर्षे इथेच काम करावे लागेल असे बंधपत्र मुलांकडून लिहून घेऊ नये. डाय सेंटर करता येणारा मुलगा धुळ्याच्या किंवा नाशिकच्या कारखान्यात गेला तरी ते कौशल्य त्याचे आहे. त्याने राहावे असे वाटत असेल तर मार्ग पगाराचा आहे.

शेवटी, काम आले की नाही हे कसे ओळखायचे. प्रमाणपत्रावर सही करण्याआधी कारखान्याचा एक प्रतिनिधी आणि संस्थेचा एक निदेशक यांनी मिळून प्रत्येक मुलाची अर्ध्या तासाची परीक्षा घ्यावी. चालू लाइनवर डाय मुद्दाम थोडा सरकवून ठेवावा. मुलाला मायक्रोमीटर, खडू आणि पाना द्यावा आणि काही न बोलता उभे राहावे. तो आधी खूण करतो का, आठ ठिकाणी मोजतो का, सैल आधी करतो की आवळतो आधी आणि बोल्ट फिरवल्यावर तीन मिनिटे थांबतो का, एवढेच पाहावे. अर्ध्या तासात फरक 0.1 मिलिमीटरच्या आसपास आला तर त्याच्या प्रमाणपत्रावर ‘अनुभव’ असे मोघम न लिहिता ‘63 मिलिमीटर पाइपचा डाय स्वतंत्रपणे सेंटर केला’ असे लिहावे. ज्याला जमले नाही त्याला आणखी एक महिना द्यावा. नोकरीसाठी दुसऱ्या दारात उभ्या राहिलेल्या मुलाला त्या एका ओळीचा जो उपयोग होईल, तो गोल शिक्क्याचा होणार नाही.

चोपड्याचा तो मुलगा आज एका हार्डवेअरच्या दुकानात पाइप विकतो. मागच्या दिवाळीत भेटला तेव्हा त्याने गिऱ्हाइकासाठी कापलेला तुकडा उचलून मला दाखवला आणि म्हणाला, ‘‘सर, हा एका बाजूने पातळ आहे, बोटाला लागतो.’’ त्याला आता बोटाने कळते. तेव्हा मायक्रोमीटर हातात मिळाला असता तर तो आज दुकानाच्या या बाजूला नसता.

परिशिष्टाचा मसुदा करताना माझी गरज वाटल्यास मी यायला तयार आहे. गोल टोकाचा माझा मायक्रोमीटर अजून व्यवस्थित चालतो. संस्थेकडे नसेल तर पहिल्या तुकडीसाठी तो मी आनंदाने देईन.

आपला,
पाइप कारखान्यातील एक निवृत्त देखभाल कर्मचारी आणि माजी तासिका निदेशक
जळगाव